रेपो रेटची रेषा आणि ईएमआयचे दोन बार: बातमीसारखा ग्राफ हलवताना नेमकं काय हलतं?

आजचा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला जास्त बरा पडेल, कारण मध्ये मध्ये कोड आहे आणि कोड काही माईकवर वाचून दाखवता येत नाही. ऑडिओमध्ये जिथे मी "हे ट्रान्सक्रिप्टमध्ये बघा" म्हटलंय, तिथे इथे कोड दिलाय. बाकी मजकूर बोललो तसाच, फक्त "अं" आणि "म्हणजे काय की" थोडे कमी केलेत.

विषय असा. बातम्यांच्या एक्स्प्लेनर व्हिडिओत एक रेषा डावीकडून उजवीकडे चढत जाते, मग दोन बार जमिनीतून उगवतात, आकडे येतात, निवेदक बोलतो. आपण बघतो, पटतं, पुढे सरकतो. पण एखादा ग्राफ हलायला लागला की स्थिर ग्राफमध्ये नसलेली एक गोष्ट त्यात येते: वेग. आणि वेगसुद्धा प्रेक्षकाला काहीतरी सांगत असतो, बरोबर किंवा चूक. आज एकच उदाहरण घेऊ आणि फ्रेम मोजत जाऊ.

उदाहरण आहे रिझर्व्ह बँकेच्या रेपो रेटचं. मे २०२० मध्ये तो ४ टक्क्यांवर आणला होता आणि जवळपास दोन वर्षं तिथेच होता. मग ४ मे २०२२ ला ४.४०, ८ जूनला ४.९०, ५ ऑगस्टला ५.४०, ३० सप्टेंबरला ५.९०, ७ डिसेंबरला ६.२५ आणि ८ फेब्रुवारी २०२३ ला ६.५०. दहा महिन्यांच्या आत अडीच टक्के. ज्यांचं गृहकर्ज फ्लोटिंग रेटवर होतं त्यांना हे वेगळं सांगायला नको. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली नवी फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या बेंचमार्कला, बहुतेक वेळा रेपो रेटलाच, जोडलेली आहेत. त्यामुळे तिकडे रेट हलला की इकडे कर्जाचा दर हलतो.

व्हिडिओत दोन गोष्टी दाखवायच्यात: आधी रेटची चढणारी रेषा, मग त्याचा ईएमआयवर झालेला परिणाम दोन बारमध्ये.

रेषेचा आकार आधी ठरवा

पहिला मोह होतो सहा-सात बिंदू ठेवून त्यांच्यामधून छान गुळगुळीत वळण काढायचा. दिसतं मस्त. पण रेपो रेट असा वळत वळत चढत नाही. तो ३ मे २०२२ ला ४ टक्के होता आणि ४ मे ला ४.४०. मधला ४.१७ कधी अस्तित्वातच नव्हता. गुळगुळीत वळण असे आकडे तयार करतं जे कुणी जाहीर केले नाहीत. काही प्रकारची वळणं तर त्याहून पुढे जातात. लांब सपाट भागानंतर चढ आला की चढण्याआधी रेषा किंचित खाली बुडते, जणू रेट वाढण्याआधी थोडा कमी झाला होता. डी-थ्री वापरत असाल तर `curveCardinal` मध्ये हे बुडणं दिसेल. `curveMonotoneX` बुडत नाही, पण मधले खोटे आकडे दाखवतंच. इथे बरोबर निवड आहे `curveStepAfter`, म्हणजे जिन्याच्या पायऱ्यांसारखी रेषा. दिसायला रांगडी, पण खरी.

तापमान, लोकसंख्या, पेट्रोलचा महिन्याचा सरासरी भाव यांना पायऱ्या लावायची गरज नाही. ज्या गोष्टी एखाद्या निर्णयाने एका दिवसात बदलतात, त्यांनाच पायऱ्या.

रेषा "काढत नेणं" आणि त्यातली खोच

आता ही पायऱ्यांची रेषा डावीकडून उजवीकडे काढत न्यायची आहे. याची सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे आफ्टर इफेक्ट्समधलं ट्रिम पाथ्स. एंडची व्हॅल्यू ० पासून १०० टक्क्यांपर्यंत नेली की रेषा आपोआप उमटत जाते. वेबवाले हेच `stroke-dashoffset` ने करतात. दोन्हीकडे आत तेच चालतं: टक्के मोजले जातात रेषेच्या लांबीवर. वेळेच्या अक्षावर नाही. आजच्या भागातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, म्हणून जरा हळू जाऊ.

आपला आडवा अक्ष धरा १ जून २०२० ते २८ फेब्रुवारी २०२३. एकूण १,००२ दिवस. प्रत्येक दिवसाला दीड पिक्सेल दिला तर रुंदी १,५०३ पिक्सेल, १९२० रुंदीच्या फ्रेममध्ये आरामात बसते. उभ्या अक्षावर एका टक्क्याला २०० पिक्सेल, म्हणजे ४ पासून ६.५० पर्यंतची चढण ५०० पिक्सेल. जिन्याची एकूण लांबी म्हणजे आडवं अधिक उभं, २,००३ पिक्सेल.

भारतातल्या टीव्हीची सवय म्हणून २५ फ्रेम प्रति सेकंद धरू. रेषा १० सेकंदांत पूर्ण करायची, म्हणजे २५० फ्रेम. लांबीच्या हिशोबाने प्रत्येक फ्रेमला साधारण ८ पिक्सेल रेषा पुढे जाईल. ४ मे २०२२ हा आपल्या अक्षावरचा ७०२ वा दिवस, तिथपर्यंतचा सपाट भाग १,०५३ पिक्सेल. ८ ने भागा: रेषा १३१ व्या फ्रेमला चढायला लागते. आणि तारखेच्या हिशोबाने? १,००२ पैकी ७०२ दिवस, २५० फ्रेमपैकी १७५ वी फ्रेम. फरक ४४ फ्रेमचा, म्हणजे पावणेदोन सेकंद.

आता ग्राफच्या वर कोपऱ्यात तारीख पळते आहे असं समजा. ती बिचारी सरळ वेळेप्रमाणे पळते. १५० व्या फ्रेमला ती २३ जानेवारी २०२२ दाखवत असते, आणि त्याच क्षणी रेषेचं टोक ४.४८ वर असतं. जानेवारीत रेट चारच होता. आणि ४.४८ तर कधीच नव्हता. एका फ्रेममध्ये दोन चुका, आणि प्रत्येक भाग वेगवेगळा तपासला तर दोन्ही बरोबर चाललेत!

कुणी म्हणेल, मग तारीख रेषेच्या टोकालाच बांधा. बांधली तर तारीख चुकत नाही, पण वेग चुकतो. सपाट दोन वर्षं भुर्रकन जातात आणि चढण आली की घड्याळ मंदावतं, कारण उभ्या पायऱ्या चढण्यातही फ्रेम खर्च होतात. जी चढण खऱ्या वेळेच्या प्रमाणात ७५ फ्रेममध्ये संपायला हवी, ती जवळजवळ १२० फ्रेम चालते. आपली बातमीच अशी आहे की दोन वर्षं काही नाही आणि मग दहा महिन्यांत धडाधड. ॲनिमेशन नेमकं त्याच्या उलट जाणवून देतं.

उपाय सोपा आहे. रेषा पूर्ण काढून ठेवायची आणि तिच्यावर एक झाकण ठेवायचं, जे डावीकडून उजवीकडे सरकतं. झाकणाची जागा तारखेवरून ठरते, लांबीवरून नाही. आफ्टर इफेक्ट्समध्ये आयताकृती मास्क किंवा लिनिअर वाइप, एसव्हीजीमध्ये `clipPath`. मी स्वतः कॅनव्हासवर करतो, आणि एकच नियम पाळतो: स्क्रीनवरची प्रत्येक गोष्ट एकाच फ्रेम नंबरातून निघाली पाहिजे.

```js
const steps = [[0,4.00],[702,4.40],[737,4.90],[795,5.40],
               [851,5.90],[919,6.25],[982,6.50]];
const clamp = t => Math.min(1, Math.max(0, t));
const dayAt  = f => clamp(f / 250) * 1002;
const rateAt = d => steps.filter(s => s[0] <= d).pop()[1];
const clipX  = f => dayAt(f) * 1.5;
```

फ्रेम दिली की दिवस मिळतो. दिवसावरून तारीख, रेट आणि झाकणाची जागा. तीनही एकाच उगमातून, त्यामुळे ते एकमेकांशी भांडू शकत नाहीत. इथे १७६ व्या फ्रेमला ४ चा ४.४० होतो, एकदम, एका फ्रेममध्ये. पहिल्यांदा बघताना हा उडीसारखा बदल खटकतो, आणि हात शिवशिवतात की थोडं मऊ करूया. मी करत नाही. रेट एका घोषणेत बदलला, तर रेषाही एका फ्रेममध्ये बदलू दे. फार तर एक बारीक "टक" आवाज द्यावा.

यातच ईझिंगचा प्रश्न येतो. मोशन ग्राफिक्समध्ये आपण सगळ्याला ईझ लावतो: सुरुवातीला हळू, मध्ये वेगात, शेवटी हळू. लोगो, पट्ट्या, मजकूर यांना जरूर लावा. पण वेळेचा अक्ष असलेल्या रेषेला लावला की महिने लांब-आखूड होतात. शेवटी हळू होणारी रेषा बघून प्रेक्षकाला वाटतं की वाढीचा जोर ओसरला. तो ओसरला होता की नाही, हे आकड्यांनी सांगायचं. त्यामुळे वेळ सरळ, म्हणजे लिनिअर. रेषा संपल्यावर मात्र तीन सेकंद काहीही न हलवता थांबायचं. हे थांबणं फार लोक विसरतात. शेवटच्या सहा पायऱ्या तीन सेकंदांत होऊन जातात, डोळ्याला त्या वाचायला नंतरच वेळ मिळतो. म्हणूनच मी सहाही वाढींची लेबलं लावत नाही. पहिली आणि शेवटची, बस्स.

आवाजाचं म्हणाल तर आधी आवाज, मग ॲनिमेशन. निवेदन रेकॉर्ड करून घ्यायचं आणि त्यावर फ्रेम मोजायच्या. सपाट भाग सात सेकंद चालतो, तेवढ्यात "जवळपास दोन वर्षं रेपो रेट चार टक्क्यांवर होता, कर्ज स्वस्त होतं" हे निवांत बोलून होतं. सात सेकंद सपाट रेषा बघणं कंटाळवाणं होईल अशी भीती वाटते, पण त्या सपाटीशिवाय पुढचा चढ कळणार कसा?

बार: कुठून सुरू, कुठून वाढणार

आता ईएमआय. धरा ३० लाखांचं नवं कर्ज, २० वर्षांसाठी. एकदा ७ टक्क्यांनी, एकदा ९.५ टक्क्यांनी, कारण रेपो अडीच टक्के वाढला. हे दर उदाहरणासाठी घेतलेत, प्रत्येकाचा दर वेगळा असतो, आणि हे स्क्रीनवर लिहायलाच हवं.

```js
const emi = (P, rate, n) => {
  const r = rate / 1200, k = Math.pow(1 + r, n);
  return Math.round(P * r * k / (k - 1));
};
emi(3000000, 7, 240);    // 23259
emi(3000000, 9.5, 240);  // 27964
```

हप्ता २३,२५९ वरून २७,९६४. दरमहा ४,७०५ रुपये जास्त, साधारण २० टक्के.

बारची उंची शून्यापासून मोजायची, हे बहुतेकांना माहीत असतं आणि तरी डेडलाइनच्या दिवशी विसरलं जातं. कारण असं: ० ते ३०,००० चा अक्ष ७५० पिक्सेलमध्ये बसवला तर एका पिक्सेलला ४० रुपये. पहिला बार ५८१ पिक्सेल, दुसरा ६९९. कुणीतरी मागे उभं राहून म्हणतं, "फरक दिसत नाहीये रे, जरा वाढव." मग अक्ष २०,००० पासून सुरू होतो. आता पहिला बार २४४ पिक्सेल, दुसरा ५९७. हप्ता पाचव्या हिश्श्याने वाढलाय आणि डोळ्याला तो जवळपास अडीचपट दिसतो. रेषेचा अक्ष साडेतीन टक्क्यांपासून सुरू केला तर चालतं, कारण रेषेत आपण जागा आणि उतार वाचतो. बारमध्ये आपण लांबीच वाचतो, आणि बुडापासून कापलेली लांबी म्हणजे खोटी लांबी.

पण "फरक दिसत नाही" ही तक्रार खोटी नाही. तिच्यावर उपाय ॲनिमेशनमध्येच आहे, आणि स्थिर ग्राफला तो उपलब्ध नाही. पहिला बार शून्यापासून उगवू द्या. मग त्याचीच फिकट प्रत उजवीकडे सरकवा, ५८१ पिक्सेल उंचीचीच. आणि आता त्या प्रतीच्या डोक्यावरून फक्त वरचे ११८ पिक्सेल वाढवा. दोन्ही बारचा पाया शून्यच आहे, प्रमाण खरं आहे, पण हालचाल फक्त वाढीव भागात झाली. डोळा हालचालीकडेच जातो, त्यामुळे प्रेक्षकाने वाढच बघितली.

```js
const ease = t => 1 - Math.pow(1 - t, 3);
const grow = (f, start, from, to) =>
  from + (to - from) * ease(clamp((f - start) / 20));
```

बारला ईझ चालतो, कारण बारच्या उगवण्याला स्वतःचा काही वेळेचा अर्थ नाही. पण उसळी मारून परत खाली बसणारा ईझ नको. नेहमीच्या "बॅक" ईझमध्ये वस्तू ठरलेल्या जागेच्या साधारण दहा टक्के पुढे जाऊन मागे येते. २७,९६४ चा बार शून्यापासून तसा उगवला तर क्षणभर ३०,७०० च्या वर जातो, आपल्या अक्षाच्याही बाहेर. मिठाईच्या जाहिरातीत गोड दिसतं. पैशाच्या ग्राफमध्ये नको.

आकडा भराभर पळत वर जातो, ती पद्धत मला फारशी आवडत नाही. वीस फ्रेममध्ये कुणी काही वाचत नाही, आणि अंकांची रुंदी सारखी नसेल तर सगळा आकडा थरथरतो. बार बसला की आकडा एकदाच, पूर्ण, स्थिर. देवनागरी अंक आणि आपले स्वल्पविराम हवे असतील तर ब्राउझरमध्ये `(27964).toLocaleString('mr-IN')` पुरतं, २७,९६४ मिळतं.

बोलण्याचं मात्र मराठीत वेगळं गणित आहे. "तेवीस हजार दोनशे एकोणसाठ" असं निवेदकाने म्हटलं की कानात "साठ" राहतं आणि स्क्रीनवर ५९ असतं. क्षणभर दोन्ही जुळवण्यात डोकं जातं. त्यापेक्षा तोंडाने "सव्वातेवीस हजार" म्हणावं आणि स्क्रीनवर नेमका आकडा ठेवावा. "सव्वा", "पावणे", "साडे" हे शब्द एक्स्प्लेनरसाठीच जन्मलेत असं मला कधी कधी वाटतं. दुसऱ्या बारला "जवळपास अठ्ठावीस हजार". आणि बार कधी बसवायचा? "अठ्ठावीस" शब्द सुरू होतो त्या फ्रेमला. म्हणजे वाढ त्याआधी वीस फ्रेम सुरू झाली पाहिजे. उलट केलं, म्हणजे शब्द ऐकू आल्यावर बार उगवायला लागला, तर चित्र कायम आवाजाच्या मागे धावतंय असं वाटत राहतं.

बारच्या पोटात काय आहे

इथपर्यंत व्हिडिओ बरा आहे, पण खरी बातमी बारच्या आत आहे. हप्त्याचे दोन भाग असतात, व्याज आणि मुद्दल. पहिल्या महिन्यात ७ टक्क्यांनी व्याज १७,५०० रुपये, मुद्दल ५,७५९. साडेनऊ टक्क्यांनी व्याज २३,७५०, मुद्दल ४,२१४. हप्ता वाढला आणि तरी मुद्दल कमी फिटतंय.

आता पहिल्या बारच्या डोक्यापासून, म्हणजे २३,२५९ वरून, एक तुटक रेघ दुसऱ्या बारवरून आडवी न्या. मग दुसऱ्या बारमध्ये व्याजाचा रंग खालून भरत आणा. तो भरत भरत त्या रेघेला लागतो आणि ओलांडून वर जातो. म्हणजे नुसतं व्याजच जुन्या पूर्ण हप्त्यापेक्षा जास्त आहे. "हप्ता तोच ठेवा, मुदत वाढवा" असं म्हणणाऱ्या माणसाचं कर्ज या आकड्यांवर कधीच फिटणार नाही, उलट पहिल्या महिन्यात ४९१ रुपयांनी आणि पुढे दर महिन्याला त्याहून जास्तच वाढत जाईल. याच कारणाने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना कर्जदाराला हप्ता वाढवायचा की मुदत, की दोन्ही थोडं थोडं, हे निवडता आलं पाहिजे, आणि मुदत वाढवताना मुद्दल फुगत जाता कामा नये.

इतका मोठा मुद्दा, आणि स्क्रीनवर तो किती उंच? ४९१ रुपये म्हणजे १२ पिक्सेल. मोबाइलवर तर केसाएवढा. इथे अक्ष कापण्याऐवजी मी सगळा कॅमेराच जवळ नेतो: तीस फ्रेममध्ये चारपट झूम, दोन्ही बारची डोकी, तुटक रेघ आणि अक्षावरचे आकडे, सगळं एकत्र मोठं होतं. आता तेच १२ पिक्सेल ४९ झाले. शून्य फ्रेमच्या बाहेर गेलं, पण प्रेक्षकाने त्याला जाताना बघितलं. आपण जवळ आलोय हे त्याला ठाऊक आहे. गुपचूप कापलेल्या अक्षात आणि डोळ्यांदेखत केलेल्या झूममध्ये हाच फरक. दोन सेकंद थांबून परत मागे यायचं.

मजकुराबद्दल एक छोटी गोष्ट. एकेक अक्षर टाइप होत येणारा इफेक्ट मराठीला लावू नका. "व्याज" चं आधी "व", मग "व्", मग "व्या" असं होत येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं फॉन्ट बिघडलाय. शब्द पूर्ण उमटवा. आणि कॅनव्हासवर पहिली फ्रेम काढण्याआधी `document.fonts.load` ने फॉन्ट लोड झाल्याची खात्री करा, नाहीतर सुरुवातीच्या काही फ्रेम भलत्याच फॉन्टमध्ये निघतात.

फ्रेम एकेक करून पीएनजी म्हणून साठवायच्या. स्क्रीन रेकॉर्ड करायचं नाही, कारण लॅपटॉप अडखळला की रेकॉर्डिंगही अडखळतं आणि आपण मोजलेल्या १७६ व्या फ्रेमला काही अर्थ उरत नाही. मग शेवटी:

```
ffmpeg -framerate 25 -i f_%04d.png -c:v libx264 -pix_fmt yuv420p repo.mp4
```

`yuv420p` नसेल तर काही फोन आणि प्लेअर फाइल उघडतच नाहीत. असेल तर रंगाचा तपशील निम्म्या बारकाईने साठतो, त्यामुळे गडद निळ्यावर बारीक लाल रेघ धुरकट होते. रेषा सहा पिक्सेल जाड आणि पार्श्वभूमीपेक्षा उजळ ठेवली की प्रश्न मिटतो.

रेषा कुठे सुरू होते आणि कुठे संपते

हा प्रश्न ॲनिमेशनचा वाटत नाही, पण आहे. आपली रेषा ४ पासून सुरू झाली कारण आपण जून २०२० पासून सुरू केली. जानेवारी २०२० पासून केली असती तर पहिल्यांदा ५.१५ दिसला असता, मार्चमध्ये ४.४० आणि मे महिन्यात ४. म्हणजे २०२३ चा ६.५० हा तळापेक्षा अडीच टक्के जास्त आणि कोविडच्या आधीपेक्षा १.३५ टक्के जास्त. दोन्ही वाक्यं खरी आहेत, पण चढणारी रेषा फक्त पहिलंच वाक्य बोलते. मी ५.१५ ला एक फिकट आडवी रेघ ठेवतो, तिच्यावर "कोविडपूर्वी" एवढं लिहून. रेषा तिला ओलांडते तो क्षण, ५ ऑगस्ट २०२२, निवेदनातही घेता येतो.

आणि टोकाला बाण नको. बातम्यांच्या ग्राफिक्सला बाणाचं फार वेड. बाण म्हणतो, अजून वर जाणार. प्रत्यक्षात ६.५० वर रेट पुढची दोन वर्षं थांबला आणि ७ फेब्रुवारी २०२५ ला ६.२५ झाला. टोकाला साधा ठिपका आणि खाली तारखांची मुदत पुरेशी.

फाइल तयार झाली की मी एकच तपासणी करतो. व्हिडिओ कुठेही थांबवायचा, तारीख आणि रेट कागदावरच्या यादीशी पडताळायचा. लोक व्हिडिओ पाठवत नाहीत, स्क्रीनशॉट पाठवतात, आणि घरच्या ग्रुपवर आलेल्या स्क्रीनशॉटला पुढची-मागची फ्रेम नसते. १९० वी फ्रेम बघा: झाकणाच्या पद्धतीत २ जुलै २०२२, ४.९० टक्के. लांबीवर चालणाऱ्या रेषेत तारीख तीच, आणि टोक ५.४० वर, जो रेट जाहीर व्हायला अजून महिन्याहून जास्त वेळ होता.